बिब्ब्याचे म्हणून राहिलेले डाग

माझी मुलगी जन्मली तेव्हा तिच्या पाठीवर, मांडीवर आणि पोटावर फिकट तपकिरी डाग होते. सपाट, गुळगुळीत, हात फिरवला तर कळतही नव्हते. ती बोलायला लागली तेव्हा तिनेच त्यांचं कारण शोधलं होतं: पोटात असताना आईने माझ्यावर चहा सांडला. रंग खरंच तसाच होता, दूध जास्त झालेल्या चहाचा. माझ्या सासूला, जिला मी माय म्हणते, ते डाग म्हणजे लक्ष्मीच्या खुणा वाटत. किरनापूरहून, गावाकडून, कोणी पाहुणा आला की माय पोरीचा फ्रॉक वर करून त्या खुणा दाखवी, आणि पोरगी ओरडत पळून जाई.

पुढे शाळेत आरोग्य तपासणीची टीम आली आणि लक्ष्मी एका दिवसात घर सोडून गेली. टीममधल्या डॉक्टरबाईंनी मला बोलावून घेतलं. आधी विचारलं, पोरीला भिलवा लावला होता का? भिलवा म्हणजे आपला बिब्बा. आमच्याकडे अजून पोट दुखलं, गाठ आली की बिब्बा तापवून त्याचं तेल अंगाला टेकवणारे लोक आहेत, आणि तिथे कातडी जळून कायमचा डाग राहतो. माझ्या नाकाला मिरच्याच झोंबल्या. मी म्हटलं, तसले डाग हवे असतील तर माझ्या नवऱ्याचे बघा, त्याच्या अंगावर लहानपणीचे भरपूर आहेत, पण माझ्या पोरीला मी कधी उदबत्तीचा चटकाही लागू दिला नाही. बाई रागावल्या नाहीत. त्यांनी खिशातून छोटी पट्टी काढली आणि एकेक डाग मोजायला लागल्या.

आमचा बालाघाट जिल्हा मध्य प्रदेशातला, त्यांनी हिंदीत नीट समजावलं. एखाददुसरा असा डाग कितीतरी मुलांना असतो, त्याचं काहीच नसतं. पण लहान मुलाच्या अंगावर अर्ध्या सेंटीमीटरहून मोठे सहा किंवा जास्त असले, तर आनुवंशिक आजार तपासणाऱ्या डॉक्टरला दाखवलंच पाहिजे. मुलीला आठ होते. शिवाय काखेत बारीक बारीक ठिपके होते, ते मी मळ समजून घासत आले होते. डाग स्वतः काही करत नाहीत, त्यांना मलम नको आणि काही नको; पण त्यांच्यामागे नसांचा एक आजार असू शकतो, ज्यात अंगावर किंवा आत गाठी येतात, डोळ्याच्या नसेवरही येऊ शकतात. असेलच असं नाही, बाई म्हणाल्या, पण बघितल्याशिवाय राहू नका.

मी शिवणकाम करते. घरी येऊन शिवणाची टेप घेतली आणि पोरीला उभी करून पुन्हा मोजलं. संध्याकाळी पुन्हा. टेप तिरकी धरली तर सातच भरतात असं मला वाटायचं, आणि सात झाले म्हणून काय फरक पडणार होता ते मलाही माहीत नव्हतं. ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या, एका बाईचा गळा इतका कापला की तिने वर्षभर माझ्याकडे पाऊल टाकलं नाही. मी अंगणात चालायची, आत यायची, पोरगी झोपली असली तर चादर वर करून बघायची. नवरा म्हणायचा, बस ना जरा. मला बसणंच जमत नव्हतं.

मायने तेवढ्यात आपलं निदान करून टाकलं होतं. मी पोटुशी असताना ग्रहणात वांगं चिरलं होतं. खरंच चिरलं होतं, भूक लागली होती म्हणून. काल लक्ष्मीच्या खुणा होत्या त्याच आज माझ्या विळीचे वार झाल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला, मी मनात म्हणायची. पण मनातल्या मनातच, कारण दुपारी एकटी असले की मलाही ते वांगं दिसायचं.

बालाघाटच्या मुलांच्या डॉक्टरांनी पोरीचा पाठीचा कणा, रक्तदाब, डोकं सगळं तपासलं आणि नागपूरला जायला सांगितलं, तिथल्या मोठ्या दवाखान्यात आनुवंशिक आजारांचा विभाग आहे. पहाटे निघालो, गोंदियाला गाडी बदलली. नवरा मोटारी बांधायचं, म्हणजे जळालेल्या पंपांच्या तारा नव्याने गुंडाळायचं, दुकान बंद ठेवून आला होता. माय पण आली, मी नको म्हटलं तरी. तिच्या नातीबद्दल डॉक्टर काय म्हणतो ते तिला माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पोरीला उघडं करून नखापासून डोक्यापर्यंत बघितलं, काखेत आणि जांघेत बघितलं. बाजूच्या विभागात डोळे तपासून आणले. डोळ्यांची नस आज ठीक दिसते असं कळलं तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत टेकले. मग मॅडम म्हणाल्या, आता आई-बाबांना बघते. दोघांपैकी कोणाला हे असेल तर ते त्यांना स्वतःलाही माहीत नसतं, असं पुष्कळदा होतं. आणि कोणालाच नसेल, तर ते मुलीत नव्यानेच सुरू झालेलं असतं; अशीही खूप मुलं असतात.

पडद्याआड माझी तपासणी झाली. काही नव्हतं. नवरा मात्र उठेना.

"माह्यं काय पाह्यता, मॅडम. बिमार पोरगी हाये, तिले पाहा."

"बिब्ब्याचे डाग हायेत त्याच्या अंगावर," मायने खुलासा केला. "लहानपणी पोटात गोळा उठे, तं गावच्या बुढ्याकडून लावून घेतला होता मीनं."

मॅडम म्हणाल्या, चालेल, तेच दाखवा. शेवटी त्याने शर्ट काढला. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या पाठीला मी तेल लावलं आहे, साबण लावला आहे. मी ती पाठ बघितली नव्हती असं कोण म्हणेल? मॅडमनी बेंबीजवळच्या खडबडीत, चुण्या पडलेल्या काळ्या डागावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, हा बिब्ब्याचा. मग बोट पाठीवर नेलं, कमरेवर नेलं, खांद्याखाली नेलं. तिथे हात अडकत नव्हता. सपाट, एकसारखे, चहाच्या रंगाचे. पोरीच्या डागांपेक्षा बरेच मोठे. हे नाहीत, त्या म्हणाल्या. हे जन्मापासूनचे.

एक डाग खरा बिब्ब्याचा होता, म्हणून घरच्यांनी बाकीचेही बिब्ब्याच्या खात्यावर टाकून दिले होते. पाठीवरच्या मऊ गाठींना नवरा स्वतः चरबी म्हणायचा. मॅडमनी त्या हलक्या हाताने दाबून बघितल्या. त्यालाही डोळ्यांच्या विभागात पाठवलं, आणि तिथल्या डॉक्टरांना यंत्रातून त्याच्या बुबुळावर बारीक तपकिरी दाणे दिसले. आता शंका राहिली नव्हती. आजार त्याला होता, आणि त्याच्याकडून पोरीकडे आला होता. मॅडम ते पक्कं करायला रक्ताची तपासणी करणार होत्या, पण डोळ्यांसमोरचं पुरेसं होतं.

खरं सांगते, सगळ्यात आधी मला हायसं वाटलं. वांगं सुटलं, विळी सुटली, मी सुटले. मी मायकडे वळून बघितलंसुद्धा. मग नवरा शर्टची बटणं लावताना दिसला, एक बटण वर एक खाली, आणि माझं हायसं वाटणं तिथेच संपलं. माय मॅडमना विचारत होती, म्हणजे हे माझ्याकडून गेलं का? मॅडम म्हणाल्या, असू शकतं, किंवा याच्यात नव्याने आलं असेल. पण कोणी काही खाल्ल्याने, चिरल्याने किंवा केल्याने येत नाही.

पुढचं त्यांनी सावकाश सांगितलं. दर वर्षी डोळे आणि रक्तदाब तपासायचा, पाठ वाकडी होते का ते बघायचं. कुठली गाठ भराभर वाढली, दुखायला लागली, पोरीला कमी दिसायला लागलं, तर वर्षाची वाट बघायची नाही. पुष्कळ लोक यासकट नेहमीसारखं जगतात, तुमचे मिस्टर बघा ना. त्यांनाही आता वर्षातून एकदा यायचंय. पुढचं मूल हवं असेल तर आधी भेटा, कारण प्रत्येक वेळी अर्धी शक्यता असते. मी सगळ्याला मान हलवत होते आणि निम्मं कानाबाहेर जात होतं.

मग त्यांनी विचारलं, शाळेत कशी आहे?

मी सांगितलं, हुशार आहे पण लक्ष नाही. अक्षरं उलटी काढते, बेरीज आज येते उद्या जाते, शाळेतल्या बाई म्हणतात आळशी आहे. दोनदा हातावर छडी घेऊन आली. मॅडमनी हातातलं पेन खाली ठेवलं. या आजारात जवळपास निम्म्या मुलांना शिकायला अडचण येते, म्हणाल्या. आळस नसतो तो. त्याची वेगळी तपासणी करू. शिकवायची पद्धत बदलली की मुलं शिकतात. आणि सहज, नुसतं माहितीसाठी, नवऱ्याला विचारलं, तुमचं शिक्षण किती?

तो चुकीचं लागलेलं बटण सोडवायला लागला. मायच बोलली.

"आठवीत नापास झाला. मास्तर रोज मारे याले. घरी आला का मीबी मारो, का काहून येत नाई तुले. डोक्स्यात भुसा भरला हाये म्हनो."

हे मला नवीन होतं. शिकलो नाही एवढंच त्याने मला सांगितलं होतं, तेही हसत. मायने पदर तोंडाला लावला आणि भिंतीकडे बघत राहिली. तिची दया यावी असं मला वाटत नव्हतं, पण आली.

मॅडम पुढच्या तारखा लिहून देत होत्या. पोरगी टेबलाखाली शिरून त्यांच्या चपला बघत होती. आम्ही उठलो, दारापर्यंत गेलो आणि नवरा परत फिरला.

"मॅडम, एक लिहून देता काय? शाळेसाठी."

"काय लिहू?"

"का हिले मारू नोका."

त्यांनी कोरा कागद घेतला. काय आजार आहे, मुलीला शिकायला जास्त वेळ आणि वेगळी मदत का लागेल, आणि कोणत्याही कारणाने तिच्यावर हात उगारू नये, असं सगळं लिहिलं, सही केली, शिक्का मारला. मी हात पुढे केला, पण कागद त्याने घेतला. तिथेच दारात उभं राहून तो वाचायला लागला, एकेका शब्दाखाली बोट ठेवून, ओठ हलवत. बाहेर पुढच्या पेशंटचा नंबर पुकारला गेला. मॅडमनी त्यांना थांबायला सांगितलं, आणि त्याचं शेवटच्या ओळीपर्यंत वाचून होईस्तोवर आम्ही सगळे थांबलो.