दार लावून जेवायचे दिवस

वडिलांच्या अन्ननलिकेत गाठ निघाली, पाण्याचा घोटही उतरेना, तेव्हा डॉक्टरांनी पोटातून थेट जठरात नळी बसवली. मोठ्या ऑपरेशनआधी वजन वाढायला हवं होतं, आणि इथं ते उतरतच होतं. नळीतून थोडी पेज गेली की वडील हात आडवा करायचे. "बास. पोट फुगलं. भूकच न्हाई."

चिकलठाण्याच्या घरात आम्ही तेव्हा चोरासारखे जेवायचो. त्यांना दिसायला नको, वास जायला नको, असा आईचा दंडक. स्वयंपाकघराचं दार लावायचं, फोडणी घालायची नाही, मुकाट्यानं उरकायचं. भाजल्या डाळी-मसाल्याच्या येसर आमटीवर ताव मारणाऱ्या माणसासमोर घास घ्यायचा तरी कसा? आईची ती माया आठवली की आजही गलबलून येतं.

मी मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. त्याच आठवड्यात वर्गात जठरातल्या आम्लाचा धडा आला. अन्न दिसलं, वास आला, चव लागली की मेंदू व्हेगस नसेतून निरोप धाडतो आणि घास पोचायच्या आत आम्ल पाझरू लागतं, जठर अन्नासाठी तयार होतं. मग जठर ताणलं, प्रथिनं आली की गॅस्ट्रिन हे संप्रेरक सुटतं आणि आम्ल आणखी वाढतं. पुढे आतड्यात थोडी चालना मिळते खरी, पण आम्ल आणि स्निग्ध पदार्थ उतरले की तिथून लगामच बसतो, जठर रिकामं व्हायलाही वेळ लागतो. एवढं सांगितलं आणि खडू हातातच राहिला. नजर, वास, चव हा पहिला टप्पाच आम्ही दार लावून बंद केला होता की!

घरी आले तर आई ताकद यावी म्हणून पेजेत तुपाची धार सोडत होती. म्हणजे लगामही आमच्याच हातात.

सर्जनना विचारलं. ते म्हणाले, तूप एकदम नको, दिवसभरात थोडं थोडं द्या; आणि चावून थुंकत असतील तर चावू द्या, फक्त गिळायचं नाही. मी आईला सांगितलं, "त्यांना आधी घास चावू दे, थुंकू दे, मग लगेच नळीतून पेज."

आई भडकली. "अन्न थुकायचं? डॉक्टरीन झाली म्हणून काय बी सांगती व्हय! अन् त्यांच्यासमोर जेवू? जीव तुटंल त्यांचा."

आतल्या खोलीतून वडिलांचा आवाज आला, "दार लावू नका गं. मी अजून घरातच हाय."

आईनं फोडणी घातली. वडील आमच्या पंगतीला बसले, भाकरी आमटीत बुडवून डोळे मिटून चावत राहिले आणि वाटीत थुंकले. वाटी आईनंच धरली होती. पेज त्या दिवशी जरा जास्त गेली.

असं बरेच दिवस चाललं. मग एका सकाळी, आई भाकरी थापत असताना, वडील दारात येऊन म्हणाले, "लई भूक लागली. किती येळ हाय अजून?"

आईनं पिठाच्या हातांनीच तोंड झाकलं आणि हमसून रडायला लागली.