कमानदादाची सही

अक्काच्या दुकानावरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'लग्नाची सर्व कामं. एकच जबाबदार माणूस.' तो माणूस म्हणजे अक्का स्वतः. मांडव पडो, दिवे जावोत, जेवण कमी पडो, शिव्या खायला हजर कोण, तर अक्का. नवरा गेल्यावर तिने हा धंदा उभा केला तेव्हा तिच्याकडे एक टेबल, एक फोन आणि तोंडाचा पट्टा एवढंच भांडवल होतं. तो पट्टा मात्र खणखणीत होता.

धंद्याची रीतही तिचीच. नव्या लग्नाची आगाऊ रक्कम आली की त्यातून मागच्या लग्नाच्या मांडववाल्याचं बिल भागवायचं. याची टोपी त्याच्या डोक्यावर. हंगामात मरायला फुरसत नसायची आणि हंगाम संपला की दुकानात माश्या मारायच्या. त्या रिकाम्या महिन्यांतही अक्का आचाऱ्याला, दिवेवाल्याला हातउचल द्यायची. ती म्हणायची, "आत्ता विचारलं नाही, तर ऐन गर्दीच्या तारखेला मला कोण विचारील?" तारखेला तिची माणसं कधी दुसरीकडे गेली नाहीत, हे खरं. पण एकदा एका मोठ्या घरचं लग्न मोडलं. मुलीच्या बापाने आगाऊ रक्कम परत मागितली आणि अक्काला स्वतःचे कानातले विकावे लागले.

त्यावर तिची लेक तडकली. लेक हिशेब शिकलेली, बोलायला आईवर गेलेली. तिने आठवडाभर खपून धंद्याचा आराखडा केला, कारण सामानासाठी स्वतःचं गोदाम घ्यायचं तर बँक कर्जासाठी आराखड्याशिवाय दारात उभं करत नव्हती.

"आगाऊ रक्कम वेगळ्या खात्यात राहील," लेक म्हणाली. "त्या लग्नाचे पैसे त्याच लग्नाला. मोडलं तर किती परत मिळणार आणि किती नाही, हे आधीच लिहून द्यायचं. रिकाम्या महिन्यांत कंपन्यांचे कार्यक्रम, शाळांची संमेलनं घ्यायची, आणि हंगामातल्या नफ्यातला थोडा हिस्सा त्या महिन्यांसाठी बाजूला काढायचा."

"आणि माझी माणसं?"

"त्यांनी करारावर सही करायची. ज्याच्या कामाने नुकसान होईल, त्याने भरायचं. सही करील त्याचं आणि त्याच्या कामगारांचं नाव आपल्या अपघात विम्यात जाईल. हप्ता आपण भरू. ज्याची सही नाही, त्याला विमा कंपनी यादीत घेणार नाही."

अक्काने नाक मुरडलं. पण लेकीचं पटलं की ती कुरकुरत का होईना करायची. तिने एकेकाला दुकानात बोलावलं. आचाऱ्याने तीनदा वाचून घेतलं आणि सही केली. दिवेवाला म्हणाला, "अक्का, फाशीचा कागद नाही ना?" सगळे हसले. चहा झाला. मांडववाला तर जाताना म्हणाला, "आता कसं, आपण कंपनीची माणसं झालो."

राहिला कमानदादा.

कमानदादा फुलांचं काम करायचा. त्याच्यासारखी कमान कुणाला जमायची नाही म्हणून हे नाव. अक्काचं पहिलंवहिलं काम आलं तेव्हा सगळ्यांनी तिच्याकडे आधी पैसे मागितले होते. हा एकटा म्हणाला होता, "तू काम कर पोरी, पैशांचं मागाहून बघू." आता त्याचे गुडघे बोलत होते, हात थोडे थरथरत होते. अशा माणसासमोर 'तुझ्यामुळे नुकसान झालं तर तू भर' असा कागद कुठल्या तोंडाने सरकवायचा? अक्काला ते जमेना. तिला वाटलं, असं करणं म्हणजे त्याच्या उपकारांच्या बदल्यात त्याच्याकडेच हिशेब मागणं.

"दादाचं राहिलंय," लेकीने आठवण करून दिली.

"दादाचं मी बघते."

लेकीने पुन्हा विचारलं. अक्का खेकसली, "तू रांगत होतीस तेव्हापासून ओळखते मी त्याला! त्याला कागद कसला दाखवतेस?" लेकीने त्याच्या नावाशिवाय यादी विमा कंपनीला पाठवून दिली. आईच्या तोंडी कोण लागणार.

निम्मा हंगाम सरल्यावरचं सगळ्यात मोठं लग्न. प्रवेशद्वाराशी उंच कमान हवी होती. दादाने दरवेळची साधी कमान सोडून दुप्पट उंचीचा सांगाडा आणला. अक्का म्हणाली, "दादा, एवढी कशाला?" तो म्हणाला, "बघशील तू." एवढंच. त्याच्या आवाजातला ताठा अक्काला जाणवला, पण आचारी गॅससाठी बोंब मारत होता, म्हणून ती तिकडे धावली.

कमानीचा नियम दादानेच सगळ्यांना शिकवला होता. आधी बुडाशी वाळूची पोती, मग मागून दोरांचा ताण, मग फुलं. दोन माणसांनी बूड धरायचं. मांडववाल्याची माणसं येईपर्यंत थांबायचं ठरलं होतं. दादा थांबला नाही. पोती, दोर काही न लावता सांगाड्याला शिडी टेकवून एकटाच चढला आणि वरून फुलं भरू लागला. वरचं वजन वाढलं, बूड उचललं गेलं, आणि शिडी, कमान, म्हातारा सगळंच खाली आलं. पाहुणे अजून यायचे होते. लग्न वेळेवर लागलं. कमानीच्या जागी मांडववाल्याने दोन कुंड्या ठेवल्या आणि त्या कुणाच्या लक्षातही आल्या नाहीत.

दादाचा मणका मोडला. डॉक्टर म्हणाले, जगतील, पण उभे राहणार नाहीत.

विमा कंपनीने एका ओळीत उत्तर दिलं. यादीत हे नाव नाही. लेकीने ते उत्तर आईसमोर ठेवलं आणि ती रुग्णालयाच्या खर्चाचा हिशेब मांडायला बसली. अक्काला ती बोलली असती तर बरं वाटलं असतं.

"ते वेगळं खातं..." अक्काने सुरुवात केली.

"आई, ती दुसऱ्यांची लग्नं आहेत."

अक्कालाही ते कळत होतं. रिकाम्या महिन्यांसाठी बाजूला काढलेलं सगळं तिने रुग्णालयात भरलं. गंगाजळी गेल्यावर बँकेने आराखडा परत केला आणि गोदाम राहून गेलं. त्याचं तिला काडीचंही दुःख झालं नाही. तिला एकच कोडं सुटत नव्हतं, की सगळ्यांना शिकवणारा हा माणूस थांबला का नाही.

दादा बोलण्यासारखा झाल्यावर तिने विचारलंच. "का रे दादा, एवढी घाई कशाची होती?"

दादा म्हणाला, "तू सगळ्यांना बोलावलंस. सह्या घेतल्यास, चहा पाजलास. मांडववाला मला सांगत होता, आम्ही आता कंपनीची माणसं. मी रोज वाट बघितली. मला नाही बोलावलंस. म्हटलं, म्हातारा झालो, आता मला वगळायचं ठरलेलं दिसतंय. मग म्हटलं, एकदा दाखवू हिला, अजून हातात काय आहे ते."

आपण काय विचार केला होता, हे तिला सांगायचं होतं. त्याचा मान राखायला म्हणून कागद दिला नाही, हे सांगायचं होतं. पण त्या खाटेपाशी ते इतकं पोकळ वाटलं की ती त्याची चादर सारखी करत बसली.

"पुढच्या लग्नाची फुलं कोण करतंय?" दादाने विचारलं.

"आहे एक नवा."

"सही घेतलीस त्याची?"

"घेतली," अक्का म्हणाली.

"बरं झालं," दादा म्हणाला, आणि त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "त्याला तरी आपलं मानलंस."