कामाआधीचे प्रश्न

सिरोंच्यातल्या आमच्या छोट्या दवाखान्याला एक कार्यकर्ती हवी होती. तिने गावोगाव जाऊन क्षयाच्या पेशंटना नियमित गोळ्या घ्यायला लावायचं होतं. मुलाखतीसाठी मी कारकुनाच्या भरतीचा जुनाच कागद पुढे ओढला. टायपिंग, कॉम्प्युटर, इंग्रजी अर्ज. नदीकाठच्या एका बाई प्रत्येक प्रश्नाला "येत नाई" म्हणत गेल्या. मी त्यांना नापास केलं. निवडलेली मुलगी सुरेख टाइप करायची, पण इथल्या गावांत बोलतात ती तेलुगू तिला येत नव्हती. ती लवकरच सोडून गेली. तोवर दोन पेशंटनी गोळ्या बंद केल्या होत्या.

"भाऊ, गोळ्या काय टाइप करून देता?" आमच्या नर्सबाई म्हणाल्या. "अगोदर काम तर लिहा!"

मग कडुनिंबाखाली चहा पीत आम्ही एकेक काम लिहिलं आणि त्यासमोर त्याचाच प्रश्न. ती दुपार मला अजून हवीशी वाटते.

त्या बाईंना पुन्हा बोलावलं. नर्सबाई हट्टी पेशंट झाल्या, "मळमळते, नाई घेत गोळी." बाई तेलुगूत प्रेमानं दटावत राहिल्या. शेवटी म्हणाल्या, "गोळी सोडू नको. चल, आजच डॉक्टरले सांगू."

नोकरी मिळाल्यावर त्यांनी विचारलं, "मागच्या वेळी हे काऊन नाई इचारलं, भाऊ?"

"नियम बदलले," मी म्हणालो.

नियम कुठलाच नव्हता. मनात म्हटलं, बाई, काम काय आहे हे मीच लिहिलं नव्हतं. नापास मी झालो होतो.