चार साच्यांची नजर

सोलापूरच्या मिलमध्ये मी साच्यावर लागलो, तेव्हा आधी शिकलो ते ऐकायला. साचा म्हणजे मिलमधला यंत्रमाग. आमच्या खात्यात असे शेकडो साचे एकदम धडधडत. नवा माणूस आत आला की कानावर हात ठेवून दारातच थबके. बोलणं ऐकू येतच नसे, आम्ही ओठ बघून एकमेकांचं समजून घेत असू. तरी काही दिवसांनी त्या गोंधळातून माझे दोन साचे मला वेगळे ऐकू येऊ लागले. आडवा बाण्याचा धागा तुटला किंवा त्याची कांडी संपली की साचा आपोआप थांबायचा आणि माझी पाठ तिकडे असली तरी मान वळायची.

ताण्याचं तसं नव्हतं. ताण्यातला उभा धागा तुटला तरी साचा चालतच राहतो, आवाजात काही फरक पडत नाही. तो डोळ्यांनीच पकडावा लागतो. नाही पकडला तर शेजारच्या धाग्यांत गुंततो, बाण्याची कांडी घेऊन ये-जा करणाऱ्या धोट्याची वाट अडते, आणि कधी कधी धोटा साच्याबाहेर उडतो. लाकडाचा जड धोटा, दोन्ही टोकांना पोलादी अणी. एकाचा डोळा असा गेलेला मी पाहिला होता. त्यामुळे रिकाम्या साच्याजवळून जातानाही माझा खांदा आपोआप आक्रसे.

हे सगळं मला शिकवलं अण्णांनी. ते माझ्या शेजारच्या साच्यांवर होते. वयानं मोठे, घरी तेलुगू बोलणारे, पिढ्यान्‌पिढ्या विणकामातले. मला ते तम्मुडू म्हणत, म्हणजे धाकटा भाऊ. "साचा बोलावतो तेव्हा जायचंच," ते सांगत, "पण न बोलावता पण बघत राहायचं. सारखं. ते अवघड आहे."

मग मिलनं दोनाचे चार करायचं ठरवलं. एका माणसानं चार साचे सांभाळायचे, सुरुवातीला काही जणांनीच. जॉबर, म्हणजे आमच्यावरचा मुकादम, अण्णांकडे आला आणि म्हणाला, "घ्या, न्हायतर घेनारे लई हायेत." अण्णांनी घेतले. घरी खाणारी तोंडं बरीच होती.

त्यांच्या चौथ्या साच्याचा धोटा निसटला तर सरळ मी उभा असे तिकडेच येणार होता. हे मला पहिल्याच दिवशी लक्षात आलं, आणि त्या दिवसापासून माझी झोप उडाली.

सकाळी अण्णा छान चालवायचे. एका साच्यावर कांडी बदलायची, तेवढ्यात दुसरा थांबायचा, की वळून तिकडे. कान इतका तयार, की कुठला थांबला ते त्यांना बघावंही लागत नसे. एकदा विव्हिंग मास्तर, म्हणजे आमच्या खात्याचा साहेब, सकाळी तासभर उभा राहून बघून गेला आणि खूश झाला. पण दुपारच्या जेवणानंतर, उकाडा चढला की, मला वेगळे अण्णा दिसायचे. साचा थांबला की ते अजूनही धावत. मात्र दोन थांब्यांच्या मधे, जेव्हा कुणीच बोलावत नसे, तेव्हा ते ताण्याकडे तोंड करून नुसते उभे राहत. डोळे उघडे. तुटलेला धागा मला इथून दिसायचा, त्यांना समोर असून दिसायचा नाही. मी हात हलवून खूण करायचो, मग ते दचकून वाकायचे.

म्हणजे त्यांचा साचा मीच बघू लागलो होतो. एक डोळा त्यांच्या चौथ्यावर, एक माझ्या दोघांवर. परिणाम व्हायचा तोच झाला. माझ्या कापडात धागे सुटू लागले.

"नजर कुटं असती रं तुजी?" पाळी सुटल्यावर जॉबर माझं कापड पसरून ओरडला.

"अण्णांच्या साच्यावर. तितनं धोटा आला तर माझंच डोस्कं हाय."

"सायबानं बघितलंय की. चांगलं चालवतोय म्हातारा."

"सायबानं सकाळी बघितलं. दुपार ढळल्यावर बघाया सांगा."

"तू तुजे दोन सांभाळ," म्हणून तो गेला.

अण्णांना बोलायला धीर होईना, मास्तरपर्यंत जायला पाय उचलत नव्हते. रोज दुपारी मी अंग आकसून त्या चौथ्या साच्याकडे कूस करून उभा राहायचो, जणू त्यानं काही वाचणार होतं.

चैत्रातली दुपार होती. धागा कोरडा पडून पुन्हा पुन्हा तुटत होता. अण्णांचे दोन साचे एकामागून एक थांबले. ते एकाची कांडी बदलत असताना जॉबर आला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन कापडाच्या कसल्याशा ठाणाबद्दल बोलू लागला. अण्णा मान हलवत ऐकत होते, हात कांडीवर होता, आणि चौथ्या साच्यावर धागे तुटून त्यांचा गुंता होताना मला दिसला. मी ओरडलो. त्या खात्यात ओरडण्याला काय अर्थ! अण्णांनी वर पाहिलं, ते माझ्याकडे. साच्याकडे नाही.

धोटा आलेला मला दिसलाच नाही. गालाच्या हाडावर काहीतरी आदळलं, मग जमीन तोंडाला लागली. डोळ्यात गरम रक्त. पहिला विचार आला तो डोळ्याचा, आणि दुसराही तोच.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यावर पट्टी बांधली आणि सूज उतरल्याशिवाय काही सांगता येणार नाही म्हणाले. ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. बायको चांगल्या डोळ्यासमोर बसून राहायची. "तुमी झोपा की," म्हणायची, पण मिटलेला डोळा पुन्हा उघडेल याची मला खात्री वाटत नसे.

अण्णा आले. दारातच उभे राहिले. बायकोनं आत बोलावलं तरी बसेनात.

"तम्मुडू, जॉबर येण्याच्या आधी मी तिकडंच बघत होतो रे," ते म्हणाले. "डोळा ताण्यावरच होता. पण काही दिसलं नाही. झोप नव्हती, आळस नव्हता. नुसतं डोकं रिकामं."

मी उशीवरून मान त्यांच्याकडे वळवली.

"आणि एका साच्यावरून दुसऱ्यावर गेलो ना, की पहिलाच डोक्यात चालत राहतो. पाय पोचतात, डोकं मागं राहतं. सकाळी पटकन येतं. दुपारी येतच नाही."

पट्टी सुटली तेव्हा दिसलं, धूसर, पण दिसलं. खिडकीचे गज दिसले तेव्हा बायको रडली. मी रडायचं विसरून गेलो होतो.

अण्णांनी जॉबरला स्वतःहून सांगितलं, "चार मला झेपणार नाहीत, दोन द्या." दोन मिळाले नाहीत. ते मिल सोडून एका नातेवाइकाच्या हातमागावर बसू लागले. मिळकत कमी झाली. पण मी भेटायला गेलो तेव्हा मला त्यांचा चेहरा मोकळा वाटला. दमले की ते पाय पायट्यावरून काढून घेत आणि माग थांबे. माग त्यांच्या पायांनी चालत होता, मिलच्या भोंग्यानं नाही.

मी मिलमध्ये परत गेलो. दुसरं काय करणार? मास्तरनं त्या साच्याच्या टोकाशी जाळी बसवून घेतली, एवढं मात्र झालं. मी दुसरी जागा मागितली, मिळाली नाही. अण्णांच्या चार साच्यांवर मोहोळकडचा एक तरणाबांड गडी आला. हुशार होता. पहिल्या दिवशी सकाळी त्यानं माझ्याकडे बघून ओठांनी विचारलं, "सोपं हाय की?"

मी त्याला दुपारपर्यंत उत्तर दिलं नाही. जेवणानंतर तो ताण्यासमोर उभा होता, डोळे उघडे. मी माझे दोन्ही साचे बंद केले, जॉबर बघत असताना, आणि जाऊन त्याचा खांदा धरला.