न्हाणीत टाकीचा काळा दगड

न्हाणीघर नवं करायचं ठरलं तेव्हा मुलानं आधी मार्बल पसंत केला आणि मग मला सांगितलं. पांढराशुभ्र, आरशासारखा. यावर मी घसरणार, मी म्हटलं. तर म्हणे, दार उघडं ठेव, तुझी सून आत उभी राहील. अहो, गुडघे दुखतात माझे, पण मी काय तान्हं बाळ आहे? एकटीनं न्हायचं, हे मी कुणासाठी सोडणार नव्हते.

सुनेला घेऊन फरशीच्या दुकानात गेले. पिशवीत तेलाची बाटली, हळद, शिकेकाई, लिंबू; सुनेच्या हातात माझं न्हायचं स्टूल. डोक्याला तेल थापून न्हाणारी बाई मी, फरशी त्याच तेलात बघायला नको?

दुकानदार हसला. "आज्जी, हितं न्हायला आलायसा व्हय?"

"न्हाणीची फरशी हाय, न्हाऊनच बघायची की," मी म्हटलं आणि चपला काढल्या.

मार्बलच्या तुकड्यावर तेल, पाणी, शिकेकाई टाकली. पाय ठेवला तो सरकलाच, सुनेनं दंड धरला म्हणून वाचले. लिंबाची फोड ठेवली होती तिथं चकाकी गेली. हळदीचा डाग पुसून पुसून पिवळाच राहिला.

सुनेच्या मनात गोटे होते, नदीतल्यासारखे गुळगुळीत, सिमेंटात बसवलेले. पाय घट्ट राहिला, खोटं कशाला बोलू? पण माझं बसायचं स्टूल त्यावर डुगडुगलं आणि तेलाचा चिकटा गोट्यांच्या मधल्या सांध्यांत जाऊन बसला. तो कोण खरवडणार?

मग दुकानदारानं व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकचा, पट्टा अंथरला. पायाला मऊ, वरून खरबरीत, डाग फडक्यानं निघाला. मला मोह झाला बरं का. पण आम्ही बादलीनं न्हाणारी माणसं, पाणी सगळीकडं. कडेनं आत शिरलं तर? दुकानदार खरं बोलला, मग पाणी खाली कुजतं, वास मारतं, कडा उचलतात.

मागं भिंतीला काळा दगड टेकवला होता, आपल्याच भागातला, छिन्नी-टाकीनं बारीक टोचून खरबरीत केलेला. त्यावर तेल ओतलं, उभी राहिले, वळले, खाली बसून उठले. पाय हलला नाही. लिंबानंही काही झालं नाही.

"पर साबणाचा थर बसला तर ह्योबी निसटतो. ब्रश मारावा लागतोय," दुकानदार म्हणाला.

"मारीन," मी म्हटलं.

संध्याकाळी मुलगा चिडला, एवढ्या नव्या घरात असला दगड? मी म्हटलं, मार्बल तुझ्या हॉलला घाल, तिथं मी न्हात नाही. दोन दिवस बोलला नाही. मी पण नाही. तिसऱ्या दिवशी त्यानंच धाडलेला गवंडी दगडच घेऊन आला.

आता दर रविवारी स्टुलावर बसून लांब दांड्याच्या ब्रशनं मीच घासते. कुणाला हात लावू देत नाही. नणंद आली तेव्हा म्हणाली, वहिनी, न्हाणीचा गोठा केलायसा की. केलाय, मी म्हटलं, आणि केसांना तेल लावून आत गेले.