गुलाबपाणी घातलेली बाटली

जुनी, बनणं बंद झालेली अत्तरं म्हणजे परदेशी सेंट जमवायचा नाद मला नगरजवळच्या भिंगारच्या लष्करी कॅम्पात कारकुनी करताना लागला. बदली झालेल्या साहेब लोकांचं सामान विकलं जायचं, त्यात उरलेल्या बाटल्या असायच्या. घरचे म्हणायचे, घरात नाही दाणा आणि मला बाजीराव म्हणा. मी ऐकून घ्यायचो आणि बाटली कपाटात अंधारात ठेवायचो. ऊन आणि उकाडा हेच सेंटचे वैरी, आणि आमच्या नगरात दोन्हींना तोटा नाही.

जादा झालेल्या बाटल्या मी पुण्यातल्या एका निवृत्त डॉक्टरांना विकायचो. बाटली किती भरलेली, खोकं आहे की नाही, वास कुठे मेला, सगळं आधी पत्राने कळवायचो. खोटं एकदाही बोललो नाही, याचा मला जरा जास्तच गर्व होता.

एका सेंटच्या मागे मी चार वर्षं होतो. ते सापडलं ऑफिसर्स मेसमध्ये वेटर असलेल्या एका माणसाच्या घरी. तो वारला होता. त्याला कुणा मेमसाहेबाने जाताना बाटली दिली होती. त्याच्या बायकोला मी जयभीम घातला, तिने ट्रंकेतून खोकं काढलं. आत नवऱ्याच्या लोकरी मफलरात गुंडाळलेली बाटली, अर्धीच, आणि रंग कोऱ्या चहासारखा.

"नासलं का वो?" तिने विचारलं.

"रंगावर जाऊ नका मावशी," मी म्हणालो. घट्ट बसलेलं काचेचं बूच हळूहळू फिरवत सैल केलं आणि एक थेंब मनगटावर घेतला. पहिला वास आंबूस, नेलपॉलिश पुसायच्या औषधासारखा. नवखा माणूस इथेच बाटली टाकून देतो. वरचा लिंबासंत्र्याचा वास आधी मरतो, खालचा टिकतो, म्हणून थांबायचं असतं. मावशींनी चहा केला, तोवर मी त्यांना हे सगळं समजावत बसलो. अर्ध्या तासाने मनगटातून मोगरा आला, मग ओलं शेवाळ आणि जुनं लाकूड. मला गहिवरून आलं, हे सरळच सांगतो.

मी म्हणालो, "खरा भाव द्यायचा, हा माझा नियम. आठशे देतो. डॉक्टर बाराशे देतील, त्यात माझं जाणंयेणं आलं. गळ्यापर्यंत भरलेली असती तर दुप्पट दिले असते." खिशात तेवढे नव्हते. पगाराला येतो म्हणालो आणि बाटली तिथेच ठेवून निघालो.

पगाराच्या दिवशी गेलो तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली. आणि आतलं सगळं पांढुरकं, गढूळ.

"यात काय घातलंत?"

"गुलाबपानी. चांगल्या दुकानातलं हाय." ती कौतुकाने बघत होती. "अर्दं भांडं कुनाच्या हातात देऊ न्हाई. शेजारनीची वाटीसुदा आमी रिकामी धाडत न्हाई, चिमटभर साखर तरी घालतो."

सेंट स्पिरिटमध्ये असतं. त्यात पाणी पडलं की आतली तेलं सुटतात आणि पाणी दुधाळ होतं. ते परत निवळत नाही. हे मी तिला भलत्याच आवाजात सांगितलं. चार वर्षांची शोधाशोध चार आण्यांच्या गुलाबपाण्यात गेली, असंही बोललो. ती खाली बघत राहिली, तेव्हा मला स्वतःचाच संताप आला. वास कसा ओळखायचा यावर मी अर्धा तास व्याख्यान दिलं होतं, पण 'हात लावू नका' हे तीन शब्द सांगितले नव्हते. भरलेली असती तर दुप्पट, हे मात्र आवर्जून सांगितलं होतं.

मी आठशे पुढे केले. "आता ह्याचं काय येतंय?" तिने विचारलं.

"नुसती काच आणि खोकं. दीडशे."

"मंग दीडशेच द्या. खरा भाव द्यायचा, तुमीच म्हनला." बाकीचे तिने हातच लावले नाहीत. माझाच नियम माझ्या तोंडावर आला. बाकीचे मी परत खिशात घातले.

तिने बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून दिली. मफलर झटकला, तसा खोलीत तो वास आला. मोगरा, शेवाळ, लाकूड, न बिघडलेलं सगळं. बुचाच्या फटीतून वर्षानुवर्षं जे उडालं होतं, त्यातलं बरंच त्या लोकरीत बसलं होतं. मी अधाशासारखा पुढे झालो आणि विचारलं, मफलरचे किती घ्याल.

तिने तो छातीशी धरला. "ह्यो न्हाई इकायचा," ती म्हणाली. "ह्यांचा वास हाय त्यो."

ती बाटली अजून माझ्या कपाटात अंधारात आहे. डॉक्टरांना मी तिच्याविषयी कधी कळवलं नाही.