तिला ऐकू येत होतं

उदगीरपासून थोडं आत आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत मी सेविका होते, अजूनही आहे. त्या वर्षी पावसानं सलग दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. टँकर एक दिवसाआड यायचा आणि विहिरीत पाणी सोडून निघून जायचा. अंगणवाडीतल्या खिचडीसाठी प्रत्येक घरातून एक तांब्या पाणी मागून आणावं लागायचं. माझी मुलगी तेव्हा वीस महिन्यांची होती. नवरा नांदेडला कापडाच्या दुकानात कामाला, पंधरा दिवसांनी यायचा. घरात मी, मुलगी आणि सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात.

सहा महिन्यांतून एकदा दवाखान्याची गाडी यायची आणि डॉक्टर अंगणवाडीतल्या सगळ्या लेकरांना तपासायचे. त्याआधी मी एकेका लेकराचा कागद भरून ठेवायची. वजन, उंची, लस, मग वयाप्रमाणे पाच-सहा प्रश्न. नावानं हाक मारल्यावर बघतं का? बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे बघतं का? हवं ते बोटानं दाखवतं का? माझ्या मुलीच्या कागदावर मी सगळीकडे बरोबरची खूण केली होती. खोटं लिहायचं म्हणून नाही. आपल्याच लेकराचा कागद आपण काय बघायचा, अशा घाईत हात फिरला. निदान त्या दिवशी तरी मी स्वतःला हेच सांगितलं.

त्या खेपेला गाडीतून एक तरुण डॉक्टर मॅडम आल्या. खुर्ची दिली तर बसल्या नाहीत, सतरंजीवर लेकरांमध्ये मांडी घालून बसल्या. माझी मुलगी कोपऱ्यात स्टीलची वाटी जमिनीवर गरगर फिरवत होती. वाटी थांबली की पुन्हा फिरवायची. मॅडमनी तिच्या मागून, शांत आवाजात, नावानं हाक मारली. ती वळली नाही. थोडं थांबून पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली.

"खेळात आहे ना, म्हणून," मी म्हणाले.

मॅडमनी पिशवीतून बिस्किटाचा पुडा काढला आणि लांबूनच जरा चुरचुर वाजवला. मुलगी लगेच वळली. उठून आली आणि मॅडमचं मनगट धरून त्यांचा हात पुड्यावर नेऊन ठेवला. उघड, असं. पण मॅडमच्या तोंडाकडे तिनं एकदाही बघितलं नाही. जणू तो हात कुणाचाच नव्हता, नुसतं एक हत्यार होतं.

मॅडमनी भिंतीवरच्या चित्राकडे बोट केलं. "ते बघ, पोपट!" बाकीची चार लेकरं माना वर करून बघायला लागली. माझी पुडाच बघत राहिली.

"ताई, ही तुमच्याकडे वस्तू घेऊन येते का?"

"येते की. डबा आणते, बाटली आणते."

"उघडून द्यायला?"

"हो."

"आणि नुसती दाखवायला? म्हणजे 'आई, बघ मला काय सापडलं' अशी?"

गावातली लेकरं मला दिवसभर काहीबाही दाखवत असतात. खडा, पीस, मेलेला किडा, गुडघ्यावरची जखम. माझ्या मुलीनं मला कधी काही दाखवलं नव्हतं. वीस महिने ती माझ्याजवळ होती आणि हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं.

मॅडमनी कागद हातात घेतला. "हा तुम्हीच भरला ना?"

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. दुसरा कोरा कागद काढला आणि मला शेजारी बसवून एकेक प्रश्न पुन्हा विचारला. एक वर्षाची असताना ती 'पापा' म्हणायची, तो शब्द गेल्या काही महिन्यांत ऐकलाच नव्हता. हेही तेव्हाच माझ्या तोंडून पहिल्यांदा बाहेर पडलं.

"ही चाळणी आहे, ताई," त्या म्हणाल्या. "चाळणीत अडकलं म्हणजे आजार ठरला असं नाही. पण वाट बघत बसू नका. लातूरला मोठ्या दवाखान्यात लहान मुलांच्या वाढीचं वेगळं केंद्र आहे, तिथं न्या. आधी कान तपासतील. पुड्याचा आवाज ऐकला म्हणजे सगळे आवाज ऐकू येतात असं धरता येत नाही." त्यांनी चिठ्ठी लिहून दिली, तारीखही फोन करून घेतली.

घरी सांगितलं तर आत्या म्हणाल्या, "काय बी न्हाई तिला. तुझा नवरा चार वर्सांनी बोलला. दिवसभर दुसऱ्याची लेकरं सांभाळतीस, तिच्याशी बोलतंय कोण?"

फोनवर नवरा म्हणाला, "अगं, लहान आहे. आत्तापासून दवाखान्याचा शिक्का कशाला? गावात कळलं तर पुढं अवघड होईल."

घराबाहेर मी कुणाला सांगितलं नाही. गावातल्या प्रत्येक गरोदर बाईचं गुपित मला माहीत असतं, बायका माझ्यापाशी येऊन रडतात. पण मी रडायला कुणाकडे जाणार? टँकर आल्यावर विहिरीपाशी घागर घेऊन उभं राहिलं की गलक्यानं मुलगी दोन्ही कानांवर हात घट्ट दाबून धरायची. बायका हसायच्या, "बाईंची लेक लई नाजूक." मीही हसायची.

तारखेच्या दिवशी पहाटे उठून तिला घेऊन फाट्यावर गेले. तिथं टायर जळत होते. उदगीर नवीन जिल्हा व्हावा म्हणून बंद पुकारला होता आणि मला त्याची खबरच नव्हती. एसटी नाही, जीप नाही. पोरं घोषणा देत होती. ओळखीचा एकजण म्हणाला, "बाई, आज परत जा. जिल्हा झाला की दवाखाना इथंच येतो, लातूरला कशाला मरायचं?" घोषणांनी मुलगी किंचाळत होती, अंग ताठ करून माझ्या हातातून निसटत होती. सगळे बघत होते. मी तिला खांद्यावर टाकून तीन किलोमीटर उन्हातून चालत परत आले.

त्यानंतर महिनाभर मी गेलेच नाही. तारीख हुकली, हे कारण मला बरं वाटलं. चिठ्ठी अंगणवाडीच्या हजेरी पटात ठेवली होती, रोज पट उघडताना दिसायची. शेवटी डॉक्टर मॅडमचाच फोन आला. "ताई, गेला नाहीत ना? मी नवीन तारीख घेतलीय."

लातूरला पहिल्या दिवशी कान तपासले. झोपेचं औषध पाजलं, ती माझ्या मांडीवर झोपल्यावर कपाळाला आणि कानांमागं चकत्या चिकटवल्या. मशीनवर रेघा उमटत होत्या. तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "दोन्ही कान चांगले आहेत." बाहेर बसलेल्या दुसऱ्या एका आईला हेच सांगितलं तेव्हा तिनं हात जोडले होते. मी मात्र रडायला लागले. मी मनात धरून बसले होते की हिला ऐकू येत नसावं. बहिऱ्या लेकराला कानाचं मशीन मिळतं. हिला माझी हाक ऐकू येत होती, आणि तरी ती बघत नव्हती. माझ्या लेकीनं बहिरं असावं असं मला वाटलं होतं, हे मी आजवर कुणाला बोलले नाही.

पुढं दोन खेपा झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी आणि एका मानसतज्ज्ञ बाईंनी तिला बराच वेळ खेळताना बघितलं, मला बारीकसारीक विचारलं. मग डॉक्टर म्हणाले, "स्वमग्नता आहे. ऑटिझम म्हणतात त्याला."

"माझं काय चुकलं?"

"काही नाही. हे तुमच्या वागण्यानं, तुमच्या नोकरीनं झालेलं नाही. गोळीनं जाणारही नाही. पण लवकर आलात. आता शिकवता येईल."

मला ते 'लवकर' टोचलं. महिना मी पटात दाबून ठेवला होता.

केंद्रात शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "हिला सगळ्यात जास्त काय आवडतं?"

"पाणी," मी म्हणाले. "वरून ओतलेलं पाणी."

लातूरला तेव्हा प्यायला पाणी रेल्वेनं येत होतं.

"एक तांब्या पुरेल," त्या म्हणाल्या. "तिच्यासमोर जमिनीवर बसायचं, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर. थोडं ओतायचं, मग तांब्या तुमच्या तोंडाजवळ धरून थांबायचं. 'बघ बघ' म्हणायचं नाही, हनुवटी धरून तोंड फिरवायचं नाही. नुसतं थांबायचं. ती कशीही मागू दे, आवाजानं, हातानं, नजरेनं. मागितलं की लगेच ओतायचं."

रोज दुपारी अंगणवाडी सुटल्यावर मी परातीत तेच एक तांब्या पाणी ओतायची, परत तांब्यात भरायची. संध्याकाळी ते तुळशीला. आत्या उंबऱ्यातून बघायच्या आणि आत जायच्या. पहिले कितीतरी दिवस ती माझा हातच ओढायची. मी ओतायची. घरात पाण्याचा आवाज सोडून दुसरा आवाज नसायचा. कधी कधी वाटायचं, या घरात मी एकटीच राहते आहे.

एकदा नवरा नांदेडहून आला तेव्हा आम्ही परातीशीच होतो. दारातून त्यानं तिला हाक मारली. दोनदा मारली. मग पिशवी ठेवून बाहेर ओट्यावर जाऊन बसला. बऱ्याच वेळानं आत आला आणि माझ्या शेजारी जमिनीवर टेकला.

"मला दाखव कसं करायचं," तो म्हणाला.

मी तांब्या त्याच्या हातात दिला. त्यानं ओतलं आणि तोंडाजवळ धरून थांबला. तिनं वर बघितलं, तांब्याकडे, आणि तिथून क्षणभर त्याच्या डोळ्यांत. तो ओतायचंच विसरला.

"ओता ना, अहो, लगेच ओता!" मी ओरडले.

सोमवारी तो परत गेला. ती नजर नंतर आठवडाभर आली नाही, मग एकदा आली, मग कमी-जास्त येत राहिली. तीन वर्षं मी दर आठवड्याला एसटीनं लातूरला गेले. आता ती गावातल्या शाळेत जाते. छोटी वाक्यं बोलते, पुष्कळदा आपण बोललेलीच वाक्यं आपल्याला परत करते. गर्दी सोसत नाही. मैत्रीण नाही. मधल्या सुट्टीत वर्गातच बसते, आणि ते तिला खुपतं की नाही हे मला ओळखता येत नाही. मला खुपतं.

अंगणवाडीतले कागद मी आता घाईत भरत नाही. प्रत्येक लेकराच्या मागे बसून हाक मारते. गेल्या महिन्यात एक दीड वर्षाचं लेकरू चारदा हाक मारूनही वळलं नाही, बोटानं काही दाखवेना. मी त्याच्या आईच्या घरी गेले आणि जमेल तितक्या हळू सांगितलं.

ती ताडकन उठली. "तुमची तशी हाय म्हणून सगळ्यांची तशीच दिसती व्हय, बाई?"

दुसऱ्या आठवड्यात पुन्हा गेले. तिनं पाणी दिलं आणि आपल्या कामाला लागली. मी ओट्यावर थोडा वेळ बसले, लेकरू समोर चपलेशी खेळत होतं. जाताना म्हणाले, "लातूरला जायचं झालं तर मी सोबत येईन." तिनं दार लोटून घेतलं.

येत्या सोमवारी परत तिच्या घरी जायचं आहे.